डॉक्टर काका, ओवीच्या अंगावरचे डाग पसरताहेत, नऊचा डोस देऊ का?

डॉक्टर काका, नमस्कार. मी मृणाल, लोकमान्य नगरहून, ओवीची आई. दवाखान्यात फोन केला होता, कंपाउंडर म्हणाले तुम्ही पुण्याला लग्नात आहात, उद्या रात्री येणार. तिथे त्रास देते आहे, माफ करा. पण रात्री ९ वाजता तिचा अँटिबायोटिकचा डोस आहे आणि तो द्यावा की नाही, हे तुम्हाला विचारल्याशिवाय ठरवता येत नाहीये.

ओवी ५ वर्षांची, वजन १७ किलो (मागच्या महिन्यात तुमच्याच काट्यावर केलं होतं). गुरुवारी रात्री ताप १०१.८, घसा दुखतो म्हणून पाणीही पिईना. शुक्रवारी तुमचा दवाखाना बंद होता, म्हणून घराजवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉर्चने घसा बघून अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं, ५ मिली दिवसातून तीनदा, शिवाय तापाचं पॅरासिटामॉल. पहिला डोस शुक्रवारी रात्री. रविवारी सकाळी ताप गेला, तो परत आलेला नाही. पॅरासिटामॉल तेव्हाच बंद केलं. आज बुधवार, अँटिबायोटिक अजून चालू आहे. बाटलीच्या लेबलचा आणि चिठ्ठीचा फोटो शेवटी आहे.

काल, मंगळवारी, सकाळी आंघोळ घालताना छातीवर बारीक गुलाबी ठिपके दिसले. मला वाटलं घामोळं असेल, इंदूरमध्ये सध्या उकाडाच तसा आहे. दुपारी ती शाळेतून आली तर पाठीवरही होते. रात्री झोपताना पोटावर. आज सकाळी दंडांवर आणि मांड्यांवर, दुपारी ३ नंतर गालांवर. छातीवरचे एकमेकांत मिसळून चट्ट्यासारखे झालेत, हातापायांवरचे अजून सुटे आहेत. तळहात, तळपाय साफ आहेत.

फोटो क्रमाने पाठवते, प्रत्येकाखाली दिवस आणि वेळ आहे. पहिले दोन कालचे, छाती आणि पाठ. तिसरा आज सकाळी खिडकीच्या उजेडात, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवलंय म्हणजे आकार कळेल. चौथा आत्ताचा, चेहरा. ट्यूबलाइटमध्ये रंग जास्त लाल आलाय, प्रत्यक्षात एवढा नाही. पाचव्यात पोटावर काचेचा ग्लास दाबलाय. तुम्ही डेंग्यूच्या दिवसांत अनिकेतला दाखवलं होतं तसं. दाबल्यावर डाग फिके पडतात. पायावर करून बघत होते पण ती गुदगुल्या होतात म्हणून हलत राहिली, नीट दिसलं नाही. सहाव्यात डाव्या डोळ्याखाली किंचित सूज वाटते. मला ती दुपारपासूनच दिसतेय, अनिकेत म्हणतो रडल्यामुळे. तुम्हीच बघा.

श्वास नीट आहे, छाती वाजत नाही, ओठ-जीभ सुजलेली नाही. तोंडात फोड नाहीत, डोळे लाल नाहीत. उलटी एकदाही नाही. दुपारी वरण-भात खाल्ला, लघवी नेहमीसारखी. सांधे दुखतात असं म्हणत नाही, उलट आत्ता पलंगावरून उड्या मारते आहे. खाज थोडी आहे, रात्री जास्त. डागांमध्ये पाणी भरलेले फोड नाहीत. गोवराची लस दोन्ही वेळा झाली आहे, कांजिण्यांचा दुसरा डोस तेवढा बाकी आहे.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. शेजारच्या भाभींनी दारातूनच बघून "माता निकली है" म्हटलं आणि कडुलिंबाची पानं पाठवून दिली. मी ती उंबऱ्यावर ठेवलीत, पाण्यात घातलेली नाहीत. अंगाला काहीच लावलेलं नाही, तुम्ही फोटोवरून बघाल तेव्हा खरं दिसावं म्हणून. माझ्या डोक्यात मात्र एकच आहे, की हे औषधाचं तर नाही? अनिकेतला लहानपणी कुठल्याशा इंजेक्शनने अंग सुजलं होतं, सासूबाईंना नाव आठवत नाही.

तर काका, ९ चा डोस थांबवू का? थांबवला तर घशासाठी दुसरं काही लागेल का? खाजेसाठी घरात सेटिरिझिनचं सिरप आहे, चालेल का आणि किती? उद्या तिची छमाहीची तोंडी परीक्षा आहे. तिला पाठवणार नाही, पण वर्गातल्या मुलांना लागण्यासारखं असेल तर बाईंना आजच कळवायला हवं.

तुम्हाला बघता येत नसेल तर तुमच्या ओळखीच्या कोणा बालरोगतज्ज्ञांकडे आत्ता नेऊ का, तेवढं सांगा. अनिकेत घरी आहे, गाडी आहे. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर तुमच्या उत्तराची वाट न बघता सरळ एमवायला नेणार आहोत.

डोस हातात धरून बसले आहे, तुमचं उत्तर येईपर्यंत देत नाही. फोनची रिंग चालू ठेवली आहे.

मृणाल