पाच नंबरचे बूट

डब्यात 1,240 रुपये होते. आठवड्याला वीस, असे बावन्न आठवडे. वरचे दोनशे दिवाळीला आत्यानं दिलेले. ओंकारनं दुकानात पाय ठेवण्याआधी ते परत मोजले.

आईला संध्याकाळीच बोलावलं होतं त्यानं. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो, सकाळी बसलेला बूट सामन्यात चावतो, हे तालमीतल्या मोठ्या पोरांनी सांगितलेलं. फुटबॉल खेळायचे जाड मोजेही खिशात होते.

काचेतला केशरी बूट त्याला आवडला. दुकानदार काकांनी तो उलटा केला. "ह्याचे स्टड लांब, मऊ गवतासाठी. तू खेळतोस कुठं?"

"गांधी मैदानात."

"मग हे घेऊ नकोस. कडक जमिनीत लांब स्टड रुतत न्हाईत. सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो अन् टाच दुखाय लागती." त्यांनी आखूड, दाट रबरी स्टडचा काळा जोड काढला. 1,190 रुपये.

चार नंबर घट्ट झाला. आईनं अंगठा दाबून बघितला. "असू दे. आठ दिवसांत सैल पडतंय."

सुभाषनगरात ती वीस वर्षं चपला शिवत होती. कातडं पायाचा आकार घेतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"वहिनी, हे कातडं न्हाई, रेक्झिन हाय," काका म्हणाले. "हे ताणत न्हाई. बोटं दुमडून नखं काळी पडतील."

सहा नंबरात टाच उचलली जात होती. पाच घातला. बोटांपुढं अर्ध्या अंगठ्याएवढी जागा उरली, टाच हलली नाही. ओंकार चवड्यांवर उभा राहिला, दोन उड्या मारल्या, अचानक वळून बघितलं. आईनं बूट हातात घेऊन वाकवला. चवड्यापाशी वाकला, मधे नाही. मग तिनं नख तळव्याच्या कडेवरून फिरवलं आणि टोकाशी थांबली.

"नुसता चिकटवलाय. टाका कुठाय?"

"ह्या किमतीत टाका येत न्हाई, वहिनी. चेंडू मारून मारून टोक तोंड उघडतं."

ओंकारचं तोंड उतरलं. आईनं डब्यातले पैसे मोजून दिले, उरलेले पन्नास त्याच्या हातात ठेवले.

रात्री जेवणं झाल्यावर तिनं आरी आणि मेण लावलेला दोरा काढला. नवा बूट मांडीवर घेतला.

"आई, भोकं पडतील की!"

"बारीक पाडते. तळव्याच्या खाचेत टाका बसला की दोरा जमिनीला घासत न्हाई." तिनं दोन्ही बूट समोर धरले. "कुठल्या पायानं मारतोस रं?"

"उजव्या."

तिनं उजवा उचलला.