ऑटो रिप्लाय: गणपतीसाठी गावी, 21 सप्टेंबरला हजर

नमस्कार,

तुमचा मेल पोचला. 12 ते 20 सप्टेंबर मी रजेवर, देवगडजवळ गावी आहे. सोमवारी 21 तारखेला सकाळी 10 वाजता रत्नागिरी ऑफिसला हजर होईन.

गाडीची वेळ किंवा लोडिंगची तारीख बदलायचीच असेल, तर ऑफिसच्या नंबरवर एक्स्टेंशन 14 ला सावंत मॅडमना फोन करा. शेड्यूलची शीट त्यांच्याकडेच आहे. चतुर्थीला, 14 तारखेला, मात्र ऑफिस बंद.

माझ्या मोबाइलवर विसंबू नका. घरात रेंज नाही, विहिरीच्या कठड्याशी उभं राहिलं तर एखादी कांडी येते, तीही पाऊस नसेल तर!

बाकीचे मेल आल्यावर बघतो.

अनंत
वाहतूक विभाग