प्रेस क्र. 4: लाइट कर्टन बायपासवर आहे, डावं बटण अडकतंय, याबाबत

दि. 12 जून 2025, गुरुवार
प्रति: पाटील साहेब, शिफ्ट सुपरवायझर, प्रेस शॉप
प्रत: मेंटेनन्स विभाग

साहेब, नमस्कार.

आज दुपारी 3 वाजता दुसरी शिफ्ट सुरू होण्याआधी एक निर्णय हवा आहे, म्हणून फोनवर न बोलता लिहून देतो आहे. प्रेस क्र. 4 वर (110 टन) ब्रॅकेटचं काम सध्या ज्या स्थितीत चाललंय, त्यात ऑपरेटरचा हात डायमध्ये असताना स्लाइड खाली येऊ शकते. ते काम आजपासून थांबवावं आणि डाय प्रेस क्र. 6 वर न्यावी, अशी विनंती आहे.

दिसलं ते असं.

मंगळवारी 10 तारखेला संध्याकाळी 7.40 च्या सुमारास डावं पुश बटण दाबल्यावर परत वर आलं नाही. ते तसंच अडकलेलं असताना फक्त उजवं बटण दाबलं आणि पूर्ण स्ट्रोक झाला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली तरच स्ट्रोक व्हायला हवा. म्हणजे बटणाची स्प्रिंग खराब आहेच, पण त्यामागचा टू-हँड रिलेही आपलं काम करत नाही. नुसतं बटण बदलून हा दोष जाणार नाही.

बुधवारी पूर्ण शिफ्टभर लाइट कर्टनची चावी बायपासवर होती आणि पॅनलवरच होती. चावी कोणी फिरवली हा प्रश्न मी विचारत नाही. नवीन ब्रॅकेटची उभी कड डायमधून वर उचलली जाताना कर्टनची किरणं तोडते आणि मशीन मधेच थांबतं. सेटिंगच्या वेळी बायपास लागतोच, पण या पार्टला कर्टन प्रत्येक पीसला थांबवत असल्यामुळे तो प्रॉडक्शनमध्येही तसाच राहिला. त्या परिस्थितीत कुणीही हेच केलं असतं. म्हणून कारणच काढून टाकायला हवं, नाहीतर पुढच्या लॉटला चावी पुन्हा फिरेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, कारण ती पॅनलवर दिसत नाही. सिंगल स्ट्रोकला स्लाइड वरच्या टोकाला थांबते; पूर्वी ती फार तर 5 अंश पुढे जायची, बुधवारी अँगल डिस्प्लेवर 20 ते 25 अंश दिसत होते. प्रेस 40 स्ट्रोकवर चालते, म्हणजे एक फेरा दीड सेकंदाचा. 25 अंश धरले तर पूर्वीपेक्षा 20 अंश जास्त, म्हणजे त्या हिशोबाने किमान 0.08 सेकंद उशीर. आकडा छोटा वाटतो, पण कर्टन कुठे बसवायचा हे याच वेळेवर ठरतं. प्रेसवरच्या स्टिकरप्रमाणे थांबायला लागणारा एकूण वेळ 0.18 सेकंद आहे आणि कर्टन डायच्या धोक्याच्या जागेपासून 380 मिमीवर आहे. हात सेकंदाला 2000 मिमी वेगाने आत जातो असं धरून 0.18 ला 360 मिमी लागतात, म्हणजे तेव्हाची जागा बरोबर होती. आता वेळ 0.26 झाला असेल तर त्याच हिशोबाने 520 मिमी लागतात. सरळ सांगायचं तर, आज चावी नॉर्मलवर केली तरी कर्टन हात वाचवेलच याची खात्री नाही. किरण तुटेल, सिग्नल जाईल, पण स्लाइड वेळेत थांबणार नाही. शिवाय कर्टन चालू आहे म्हणून ऑपरेटर निर्धास्त असेल.

ब्रेक लायनिंग झिजलेली असू शकते, किंवा क्लच व्हॉल्व्हचा सायलेन्सर चोकअप झाला असेल. हवा लवकर बाहेर पडली नाही की क्लच उशिरा सुटतो आणि ब्रेकही उशिरा लागतो. सायलेन्सर तपासायला वेळ लागत नाही, तो आधी पाहावा. नक्की कारण मेंटेनन्सच ठरवेल. माझा अंदाज चुकीचा असेल तरी डिस्प्लेवरचे अंश खरे आहेत, ते कुणालाही उभं राहून बघता येतील.

मागणी अशी आहे:

1. आज 3 वाजण्याआधी प्रेस 4 चा मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावावं. बायपासची चावी पॅनलवरून काढून तुमच्याकडे राहावी.

2. मेंटेनन्सने डावं बटण आणि टू-हँड रिले दुरुस्त करून दोन चाचण्या आपल्यासमोर घ्याव्यात. एक बटण दाबून धरायचं, सेकंदभराने दुसरं दाबायचं: स्लाइड हलता कामा नये. स्लाइड खाली येताना एक हात सोडायचा: ती थांबली पाहिजे. दोन्ही चाचण्या डाय रिकामी ठेवून, हात बाहेर ठेवून.

3. थांबण्याचा वेळ स्टॉप-टाइम मीटरने मोजावा, क्रँक 90 अंशावर असताना, कारण स्लाइडचा वेग तिथेच जास्त असतो. आकडा 0.18 पेक्षा जास्त आला तर आधी ब्रेक आणि व्हॉल्व्ह, नंतर गरज पडल्यास कर्टनची जागा. त्यानंतर 14 मिमीच्या टेस्ट रॉडने कर्टन वर, मध्ये आणि खाली तपासावा.

4. ब्रॅकेटसाठी कर्टनचं म्यूटिंग कॅमवर घ्यावं, पण फक्त स्लाइड वर जात असताना. कड तेव्हाच किरणं तोडते, त्यामुळे मशीन थांबणार नाही आणि बायपासची गरजच उरणार नाही. म्यूटिंग खालच्या टोकाच्या आधी सुरू होत नाही आणि वरच्या टोकाच्या आधी संपतं, हे कॅम बसवल्यावर अंशात मोजून घ्यावं. इथे दहा अंशांची चूकही चालणार नाही.

डाय काढताना फ्लायव्हील पूर्ण थांबल्याशिवाय कुणी आत हात घालू नये. मोटर बंद केल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं. सेफ्टी ब्लॉक स्लाइडखाली लावूनच बोल्ट सोडावेत.

शनिवारच्या डिस्पॅचचं टेन्शन मलाही माहीत आहे. 1800 पीस बाकी आहेत. डायची शट हाइट 320 मिमी आहे आणि प्रेस 6 (150 टन) 280 ते 380 घेते, म्हणजे डाय बसते. तिथला कर्टन आणि बटणं काम सुरू करण्याआधी वरच्याच चाचण्यांनी तपासून घेऊ. 4 वर तासाला 350 निघतात, 6 वर 300 धरले तरी 6 तासांत लॉट पूर्ण होतो, म्हणजे फरक तासाभराचाही नाही. डाय बदलायला मी आणि हेल्पर 2 वाजता येऊ शकतो.

वरची तपासणी होईपर्यंत प्रेस 4 वर हाताने पीस घालायचं काम मी करणार नाही, आणि माझ्या शिफ्टमधल्या कुणालाही करायला सांगणार नाही. शिफ्टमधलं बाकी कोणतंही काम द्या, करतो. आज 2.30 पर्यंत तुमचं उत्तर मिळालं तर बरं होईल. उद्या सुरक्षा समितीची बैठक आहे. तिच्या नोंदीत हा विषय यावा असं मला वाटतं, म्हणून हेच पत्र तिथे देणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून आजच सांगतो आहे. तपासणीला मी हजर राहीन आणि जे पाहिलं ते मेंटेनन्सला मशीनवर दाखवेन.

आपला,
शिंदे
सेटर, प्रेस शॉप, दुसरी शिफ्ट