प्रश्न 3 (ब) च्या गुणांचा फेरविचार करण्याबाबत विनंती

दिनांक : 14 ऑक्टोबर 2025

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

मी तृतीय वर्ष बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, हजेरी क्रमांक 37. काल तासाला आम्हाला अंतर्गत परीक्षेचे पेपर पाहायला मिळाले. प्रश्न 3 (ब) ला मला 5 पैकी 3 गुण आहेत. गणिताला बरोबरची खूण आहे. गेलेले 2 गुण शेवटच्या एका वाक्याचे आहेत.

प्रश्न दुधाच्या पिशव्यांचा होता. 25 पिशव्या, सरासरी 497.6 मि.ली., नमुन्याचे प्रमाण विचलन 8 मि.ली.; मशीन सरासरी 500 मि.ली. भरते का, हे 5 टक्के सार्थकता पातळीवर तपासायचे होते. t = −1.5 आला, कोष्टकातली किंमत 2.064. मी लिहिले, "H0 नाकारण्याइतका पुरावा या नमुन्यातून मिळत नाही." त्याखाली लाल शाईत शेरा आहे : "म्हणजे काय? H0 स्वीकारला असे स्पष्ट लिहा."

वाक्य गुळमुळीत वाटले असेल, पण ते मी विचार करूनच लिहिले होते. जुलैतल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मी "H0 खरे ठरले" असे लिहिले होते आणि आपणच ते खोडले होते. तेव्हापासून हाताला हेच वाक्य बसले आहे.

काल घरी गेल्यावर H0 मध्ये 500 च्या जागी 496 घालून पाहिले. t = 1 येतो, म्हणजे 496 सुद्धा नाकारता येत नाही. मग "स्वीकारला" म्हणायचे तर त्याच 25 पिशव्यांवरून सरासरी 500 आहे आणि 496 ही आहे, असे दोन्ही मान्य करावे लागेल. 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल 494.3 ते 500.9 येतो, त्यातली कुठलीही किंमत या चाचणीतून सुटते. मशीन पिशवीमागे चार मि.ली. कमी भरत असेल, तर एवढ्याशा नमुन्यात ते निसटूही शकते.

"स्वीकारला" हा शब्दच चूक आहे, असे मला म्हणायचे नाही. नेमन-पिअर्सन पद्धतीत तो निर्णय म्हणून येतोच. माल पास करायचा की परत पाठवायचा एवढेच ठरवायचे असेल, तर तिथे तो शब्द चपखल बसतो. माझे वाक्यही चुकीचे धरू नये, इतकेच म्हणणे आहे.

एक चूक मात्र माझी आहे. निष्कर्षात मी पिशव्यांचा किंवा 500 मि.ली.चा उल्लेखच केला नाही, नुसते H0 लिहून मोकळी झाले. त्याचा 1 गुण कापला गेला तर माझी तक्रार नाही. उरलेल्या 1 गुणाचा कृपया विचार व्हावा.

गुरुवारी प्रॅक्टिकल संपल्यावर पेपर आणि जर्नल घेऊन स्टाफरूममध्ये आले तर चालेल का? गुण आहेत तेवढेच राहिले, तरी विद्यापीठाच्या पेपरात हे वाक्य कसे लिहायचे ते आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

आपली विद्यार्थिनी,
मृणाल
हजेरी क्रमांक 37, तृतीय वर्ष बी.एस्सी. (संख्याशास्त्र)