ताई, उद्याच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेची यादी

ताई, तुझ्या तिन्ही फोटोंवरून ही यादी केली आहे. तीन ठिकाणी फोटोवर विसंबू नकोस. बैठक क्रमांकाचा शेवटचा आकडा ३ की ८ ते कळत नाही. सूचना ३ मधली केंद्रावर पोहोचायची वेळ घडीत गेली आहे, ९.३० वाटते. सूचना ६ वर फ्लॅशची चकाकी पडली आहे. मूळ पीडीएफ उघडून तिन्ही वाच, तोपर्यंत ९.३० च धर.

आठच्या आत, झेरॉक्सचं दुकान उघडं असताना

☐ प्रवेशपत्राच्या दोन प्रिंट, सगळी पानं. मोबाईलवर दाखवलेलं चालणार नाही. फोटो आणि सही पुसट आली तर प्रिंट पुन्हा काढ.

☐ मूळ पॅनकार्ड. प्रवेशपत्रावर तुझं माहेरचं नाव आहे, पॅनवरही तेच. आधारवर सासरचं आहे, त्यामुळे आधार पुढे केलंस तर नावातल्या फरकाचा पुरावा मागतील.

☐ पॅनच्या तीन झेरॉक्स. सकाळी एक घेतली तर दुपारच्या पेपरला दुसरी लागेल, तिसरी जादा.

☐ तरीही आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही मूळ आणि एकेक झेरॉक्स. पॅनबद्दल शंका काढली तर हे दाखव. लग्नपत्रिका किंवा रेशनकार्ड पुरावा म्हणून चालत नाही.

☐ काळ्या शाईची बॉलपेन तीन, आजच कागदावर चालवून बघ. निळं किंवा जेल पेन पाऊचमध्ये ठेवूच नकोस, घाईत तेच हाताला लागतं.

वर्गात न्यायचं नाही

मोबाईल बंद करूनही नाही, तो दाजींकडे दे. डिजिटल घड्याळ, कॅल्क्युलेटर, वह्या, पर्स यांनाही मनाई आहे. साधं घड्याळ चालेल असं तुझ्या फोटोंत कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून तेही घरीच. केंद्रावर सामान सांभाळायची सोय असेल असं धरू नकोस.

वेळा

पेपर १ : ११ ते १, प्रवेशाची शेवटची वेळ १०.३०.
पेपर २ : ३ ते ५, शेवटची वेळ २.३०. इथेच चूक होते. जेवायला लांब गेलं की परतायला उशीर होतो, आणि फाटक बंद झाल्यावर सीसॅट बुडतो. डबा घेऊन जा, दोन वाजता फाटकाशी ये.

रविवारी एसटी कमी असतात. कोरेगावहून पावणेआठची धर, साडेआठची नको. आज दाजींना केंद्राचा पत्ता प्रवेशपत्रावरून वाचून दाखव. साताऱ्यात एकाच संस्थेच्या दोन शाळा असल्या तर रिक्षावाला भलतीकडे नेतो.

सगळं एकाच पारदर्शक फोल्डरमध्ये ठेव, प्रवेशपत्र वर.

सूचना ६ चा फोटो फ्लॅश बंद करून, कागद सपाट ठेवून पुन्हा पाठव. त्यात काही वेगळं निघालं तर नऊपर्यंत यादी सुधारून देतो.