आता मालवणी मसाला पावसाळ्यातही: ‘रापणकाठ मसाले’चा कुडाळमध्ये नवा उत्पादन विभाग

प्रसिद्धीसाठी
कुडाळ, 12 ऑक्टोबर 2026

मालवणच्या ‘रापणकाठ मसाले’ या उद्योगाचा नवा उत्पादन विभाग कुडाळ औद्योगिक वसाहतीत उभा राहिला असून, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मंगळवार 20 ऑक्टोबर रोजी सकाळी 10 वाजता तो सुरू होत आहे. मालवणी मसाला, माशांचा तिरफळ मसाला, मटण मसाला, सांडगी मिरची आणि आमसुले ही उत्पादने यापुढे वर्षभर याच ठिकाणी तयार होतील.

कोकणात मसाल्याचे काम उन्हाळ्याचे. मार्च ते मे या दिवसांत मिरची कडकडीत वाळते, भाजणी होते, डंक चालतात आणि मृगाच्या आधी बरण्या भरून झाकणे घट्ट बसतात. पुढचे चार महिने हवाच इतकी दमट असते की उघडी मिरची दोन दिवसांत मऊ पडते आणि तिला बुरशी धरते. त्यामुळे आमचे उत्पादनही जूनमध्ये थांबत असे. नेमक्या त्यानंतर गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि परतताना मुंबईला मसाला घेऊन जातात. त्या दिवसांत ‘पाकिटे संपली’ असे सांगणे आम्हाला दरवर्षी जड गेले आहे. नवा विभाग उभारण्याचे मुख्य कारण हेच.

येथे वाळवणीसाठी बंदिस्त गरम हवेची यंत्रणा आहे. कच्चा माल ठेवण्याची आणि पाकिटे भरण्याची खोली कोरडी राहील, अशी व्यवस्था केली आहे. प्रत्येक घाणीतला ओलावा मोजूनच माल पुढे जाईल. मिरचीला लागलेली बुरशी दळल्यावर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती दळण्याआधीच पकडावी लागते. देठ मोडताना प्रत्येक मिरची हातातून जाते आणि काळपट पडलेली तिथेच बाजूला निघते. हे काम आम्ही यंत्राकडे दिलेले नाही.

कुटण्याच्या बाबतीतही आमचा आग्रह कायम आहे. वेगवान चक्कीत मसाला तापतो आणि लवंग, वेलची, जायपत्री यांचा वास तिथेच उडून जातो. डंकावर वेळ जास्त लागतो, पण तेल मसाल्यातच राहते. म्हणून नव्या जागेत डंकांची संख्या दोनावरून सहावर नेली आहे. भाजणीही एकत्र होणार नाही. धणे, बडीशेप, दगडफूल, खसखस प्रत्येकी वेगळे, मंद आचेवर. खसखशीला लागणारी आच धण्यांना पुरत नाही आणि धण्यांच्या आचेवर खसखस करपते.

रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी, हे मिरचीचे मिश्रण बदललेले नाही. वेगळा रंग आजवर घातला नाही, पुढेही घालणार नाही. तिरफळ मात्र आपल्याच भागातले. पावसाच्या शेवटी झाडावरून काढलेले घोस वाळले की फळ उकलते. आतली काळी बी काढून फक्त साल घ्यायची असते. बी राहिली तर बांगड्याच्या तिखल्याची चव बिघडते. हे निवडण्याचे काम परिसरातील महिला बचतगटांकडेच राहील.

नव्या विभागात 34 जणांना काम मिळाले असून त्यात 26 महिला आहेत. उद्योगाच्या संस्थापक संचालिका, ज्यांना मालवणात सगळे काकी म्हणतात, म्हणाल्या, “घरच्या पडवीत वाळवण घालून सुरुवात केली, तेव्हा शेजारणी मदतीला यायच्या. आज त्यातल्या काही जणी भाजणी विभाग सांभाळतात. आच किती ठेवायची हे त्यांना वासावरून कळते. यंत्रे आणली ती त्यांच्या पाठीचा भार हलका व्हावा म्हणून. हाताची पारख त्यांचीच राहणार.”

बागायतदारांना एक विशेष आवाहन. नारळी-पोफळीत मिरी, दालचिनी आणि जायफळ ही आंतरपिके आपल्याकडे चांगली येतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने त्यांची लागवड अनेक वर्षे शिकवली आहे. तरी थोडा माल असलेल्या बागायतदाराला तो विकायला बाजार गाठणे परवडत नाही आणि जायपत्री घरातच पडून राहते. यापुढे दर शुक्रवारी कुडाळच्या विभागात असा माल पाच किलोपासून घेतला जाईल. वजन शेतकऱ्यासमोर होईल, पैसे त्याच दिवशी मिळतील. माल नीट वाळलेला असावा, एवढीच अट.

मसाला 100, 200 आणि 500 ग्रॅमच्या पाकिटांत मिळेल. कुटल्याचा महिना पाकिटावर ठळक छापलेला असेल. नव्या विभागातील पहिली पाकिटे दिवाळीपूर्वी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील दुकानांत पोहोचतील, त्यानंतर मुंबई-ठाण्यात.

20 ऑक्टोबरला दुपारी 12 ते 4 या वेळेत विभाग सर्वांना पाहण्यासाठी खुला राहील. पत्रकार आणि छायाचित्रकारांनी सकाळी साडेनऊपर्यंत यावे. भाजणी त्याच वेळी सुरू होईल.

प्रसिद्धी विभाग,
रापणकाठ मसाले,
औद्योगिक वसाहत, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग