माप

अलिबागला झालेल्या स्लॅम-काव्यस्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत मी ही कविता सादर केली. या फेरीत विषय ऐन वेळी मिळत होता. लोणच्याच्या बरणीतून मी काढलेल्या चिठ्ठीवर ‘माप’ हा एवढाच शब्द होता आणि तो वाचल्यापासून मंचावर जाईपर्यंत मला 20 मिनिटे होती. मार्क स्मिथ या कवीने 1980च्या दशकात शिकागोत जो प्रकार रुजवला, त्याचेच नियम येथे लावले होते: कविता स्वतःची असावी, वाद्य नको, वेषभूषा नको, हातात कोणतीही वस्तू नको, आणि श्रोत्यांमधूनच निवडलेल्या पाच परीक्षकांच्या गुणांपैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज करावी. वेळ तीन मिनिटांची होती. तिच्यावर दहा सेकंदांची सवलत होती आणि तीही संपली की पुढच्या प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण वजा होणार होता. वस्तूंना बंदी असल्यामुळे कवितेतली पायली मला दोन्ही हातांनी हवेतच दाखवावी लागली. लांब ओळी एका दमात म्हणायच्या आहेत, नाहीतर ही कविता तीन मिनिटांत बसत नाही.

*

माझ्यासमोर तीन मिनिटांचे माप ठेवले आहे,
आणि ते ओलांडले तर माझे गुण कापले जातील, असे मला बजावून सांगितले आहे.

माझ्या आजीसमोरही एकदा माप ठेवले होते,
दिवेआगरच्या आमच्या घराच्या उंबरठ्यावर, तांदळाने शिगोशीग भरलेले,
आणि सोळा वर्षांच्या त्या नव्या नवरीला सगळे घर एका आवाजात सांगत होते,
की ओलांड, उजव्या पायाने लवंडून ओलांड,
तांदूळ आत सांडू दे, जेवढा लांब सांडेल तेवढे बरे.

परीक्षकहो, आणि घड्याळ धरून बसलेले काका, तुम्हीही ऐका,
आमच्या घरी माप ओलांडल्याबद्दल कोणाचा अर्धा गुणही कधी कापलेला नाही.

त्या घरात एक पायली आहे, एवढी, पितळेची, कडेला पोचा आलेली,
आणि त्या पायलीने भात मोजताना आजी पहिल्या पायलीला कधीही ‘एक’ म्हणत नसे.
मी सहा वर्षांची होते, मी ऐटीत ‘एक’ म्हणाले, तेव्हा तिने माझे मनगट धरले.
‘एक नाही गो, लाभ म्हण. लाभ, मग दोन, मग तीन.’
म्हणजे मोजायला बसल्या बसल्याच काहीतरी पदरात पडलेले असे,
आणि शेवटची पायली ओतून झाली, की नेणाऱ्याच्या पोत्यात ती वर एक ओंजळ टाकत असे,
जी ओंजळ आमच्या कोणत्याही वहीत सापडणार नाही.

3 जून 2020.
त्या दिवशी ‘निसर्ग’ नावाचे वादळ आमच्या किनाऱ्यावर चढले,
आणि दहा गुंठ्यांच्या वाडीत आजोबांनी लावलेल्या 130 पोफळी
वाकल्या, कौलांना शेंडे टेकवून पुन्हा उठल्या, पुन्हा वाकल्या,
आणि मग त्या उठेनाशा झाल्या.
कट्.
कट्.
कट्.
आम्ही माजघरात अंधारात बसून तो आवाज मोजत होतो,
आणि त्या दिवशी आजीने पहिल्या आवाजाला लाभ म्हटले नाही.

मग पंचनाम्याला एक गृहस्थ आले, टेप घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात.
त्यांनी विचारले, ‘आजी, नुकसान किती?’
आजी म्हणाली, ‘117 पडल्या.’
ते म्हणाले, ‘तसे नव्हे, क्षेत्र सांगा.’
आजी म्हणाली, ‘13 उभ्या आहेत.’
ते म्हणाले, ‘आजी, हेक्टरमध्ये सांगा हो.’

हेक्टरमध्ये आमची वाडी शून्यापासून सुरू होते.
आधी शून्य, मग टिंब, आणि मग कोठे एक.
ज्या बाईने जन्मभर पहिल्या आकड्याला लाभ म्हटले,
तिच्या कागदावर पहिला आकडा शून्य पडला.

गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी कोरा चहा घेतला, पडलेल्या खोडांवरून ते शेवटच्या कुंपणापर्यंत गेले,
आणि त्यांच्या हातात जे माप दिलेले होते, त्याच मापाने त्यांनी मोजले.

बागेला हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले होते,
तेव्हा शून्य दशांश एकचे त्रैराशिक तुम्हीच मांडा, माझ्याजवळ तेवढा वेळ नाही,
आणि मांडताना एवढेच सांगा, की त्यात मी कोठे बसवू
ते सहा-सात पावसाळे, जे रोप लावल्यापासून पहिला घड दिसेपर्यंत आजोबांनी नुसते वाट पाहण्यात काढले,
आणि तो पाडेली, जो एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जात असे, आणि जमिनीला पाय न लावता निम्मी वाडी उतरवत असे,
आणि ती गळलेली विरी, जिच्यावर मला बसवून माझा भाऊ विहिरीपासून बेड्यापर्यंत ओढत नेत असे,
आणि ती सावली, जी आमच्या पोफळीची असून रोज दुपारी शेजारच्या काकूंच्या पडवीत पडत असे, आणि तिचे भाडे आम्ही कधी मागितले नाही?

त्या रात्री वीज नव्हती, आणि पुढे कितीतरी रात्री नव्हती.
आजीने कंदिलाच्या उजेडात फडताळातून पायली काढली,
आणि पडलेल्या प्रत्येक पोफळीची एक सुपारी, अशा 117 सुपाऱ्या तिच्यात टाकल्या,
एक, दोन, तीन, असे म्हणत, होय, ‘एक’ असे म्हणत टाकल्या,
आणि एवढे करून ती पायली जेमतेम निम्मी भरली.

त्यानंतर तिने रोपे लावायला घेतली.
रोप लावले म्हणून ती सुपारी काढत नाही,
रोपाने एक पावसाळा आणि एक उन्हाळा सोसला, की मग पायलीतून एक सुपारी काढते,
पडवीत बसून ती अडकित्त्याने कातरते, निम्मी स्वतः खाते आणि निम्मी माझ्या हातावर ठेवते,
आणि दर मोसमातल्या पहिल्या सुपारीला मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल असे म्हणते,
लाभ.

काकांनी हात वर केला आहे, माझे माप भरत आले आहे.
काल इकडे यायला निघताना मी फडताळ उघडून पाहिले.
पायलीत अजून 41 सुपाऱ्या आहेत.